नाव पैठणचे, माग येवल्याचे

पैठणीला नाव मिळाले ते गोदाकाठच्या पैठणचे. सातवाहनांची ही जुनी राजधानी रेशीम आणि जरीच्या कामासाठी शतकानुशतके ओळखली गेली. आज मात्र लग्नाची पैठणी घ्यायची ठरली, की मुंबई-पुण्याच्या, नाशिकच्या घरांतून गाडी निघते ती बहुतेक वेळा येवल्याकडे. नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात आणि आजूबाजूच्या नागडे, बल्हेगाव यांसारख्या खेड्यांत घरोघरी माग आहेत. पैठणला विणकाम संपलेले नाही. तिथे लघुउद्योग विकास महामंडळाचे पैठणी केंद्र आहे आणि मागही चालतात. पण धंद्याचा मोठा पसारा येवल्यात आहे. रेशीम येवल्याचे नाही, जरही नाही, नावसुद्धा नाही. मग हा धंदा इथेच का फोफावला? आणि उद्या तो इथेच टिकेल का?

हे दोन प्रश्न तपासण्यासाठी अर्थशास्त्रात एक हत्यार आहे. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी 1990 साली राष्ट्रांच्या स्पर्धाक्षमतेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. एकच उद्योग एका छोट्या भागात दाटीने का वाढतो आणि तिथून जगाला का पुरवठा करू लागतो, याची त्यांनी अनेक देशांत पाहणी केली. त्यांचे गाजलेले उदाहरण इटलीतल्या सास्सुओलो या गावाचे. घराच्या फरशीच्या टाइल्स तिथे बनतात. पोर्टर यांना तिथे चार गोष्टी एकमेकींना धरून असलेल्या दिसल्या. टाइल्सची चांगली पारख असलेले घरचे गिऱ्हाईक, भट्ट्या आणि झिलईचा माल बनवणारे कारखाने जवळच, कामाचे ज्ञान असलेली माणसे आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत चाललेली कडवी चढाओढ. या चार कोनांच्या आकृतीला ते ‘डायमंड’, म्हणजे हिरा म्हणतात. शासन आणि योगायोग या दोन गोष्टी ते बाहेरून परिणाम करणाऱ्या मानतात.

हातमागाच्या क्लस्टरला हा हिरा लावताना माणसे एक चूक हमखास करतात. प्रत्येक कोनापुढे ‘चांगले’, ‘बरे’, ‘कमकुवत’ असे शेरे मारतात आणि अहवाल संपवतात. खरे काम त्यानंतरचे आहे. एक कोन दुसऱ्याला बळ देतो की त्याला पोखरतो, हे पाहावे लागते. येवल्यात ते फार स्पष्ट दिसते.

कौशल्याचा कोन आधी थोडक्यात पाहू. येवले वसवणाऱ्या रघुजीबाबांनी पैठणहून विणकर आणले, असे गावात सांगतात. पुढे गुजरातेतून आलेले व्यापारी आणि कारागीरही इथे स्थिरावले. आजही एका घरात कुणी ताणा सांधतो, कुणी कांड्या भरते, कुणी मागावर बसतो. पोर माग बघत मोठे होते आणि हात बसतो. हे ज्ञान शाळेतून आलेले नाही, त्यामुळे दुसऱ्या गावाला ते विकत घेता येत नाही. या कोनाबद्दल वाद नाही.

मागणीचा कोन मात्र वाटतो तेवढा सोपा नाही.

मागणी म्हटले की आपण संख्या मोजतो. लग्नसराईत किती साड्या खपल्या, किती दुकाने उघडली. पोर्टर यांचा भर संख्येवर नाही. गिऱ्हाईक किती चोखंदळ आहे आणि त्याच्या हट्टापायी विणकराला काय नवे शिकावे लागते, हे ते विचारतात. पेशवाईत पैठणीला असे गिऱ्हाईक होते. माधवराव पेशव्यांनी नेमके रंग कळवून असावली नक्षीचे दुपट्टे मागवल्याचे सांगितले जाते. रंग चुकला तर माल परत जाणार, हे माहीत असलेला विणकर वेगळ्याच काळजीने विणतो. दरबार गेले, तसे हे गिऱ्हाईकही गेले. मग बराच काळ पैठणी म्हणजे आजीच्या पेटीतली, वर्षातून एकदा बाहेर निघणारी वस्तू होऊन राहिली.

तिला पुन्हा घराघरात पोचवण्यात टीव्हीचा वाटा फार मोठा आहे. 2004 साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि जिंकलेल्या वहिनींच्या हाती पैठणी पडू लागली. रोज संध्याकाळी लाखो घरांत हे दृश्य दिसे. ज्या घरात पैठणी कधी आली नव्हती, तिथेही तिची ओढ लागली. कोणत्याही क्लस्टरला एवढी मोठी जाहिरात पैसे मोजून करता आली नसती. मागणी पसरली आणि मराठी माणूस जिथे गेला तिथे, परदेशातही, ती गेली.

पण पसरताना ती विरळ झाली. पैठणी हवी असणाऱ्यांची संख्या वाढली, पैठणी ओळखणाऱ्यांची तेवढी वाढली नाही. हे नुकसान समजायला विणकामात थोडे शिरावे लागेल. अस्सल पैठणीचा पदर मागावर हाताने भरतात. मोर, मुनिया, कमळ, बांगडी मोर यांतला प्रत्येक रंग स्वतःच्या छोट्या कांडीवर असतो. विणकर मोजून काही ताण्याखालून ती कांडी काढतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. एकेका ओळीला डझनांनी कांड्या हाताळाव्या लागतात, म्हणून दाट नक्षीचा पदर दिवसभरात दोन-चार बोटेच पुढे सरकतो. रंग जागच्या जागी अडकवलेले असल्याने पाठीमागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. जॅकार्डवर विणलेल्या नक्षीत न वापरलेला रंग मागून मोकळा धावतो. पाठीवर त्याचे लांब धागे दिसतात, किंवा ते कापल्याच्या खुणा राहतात.

इथे एक सावधगिरी हवी. जॅकार्ड हातमागावरही बसवता येते. त्यामुळे मागे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असे ठरत नाही. त्यावरून एवढेच कळते की पदर कांड्यांनी भरलेला नाही. त्यासाठी कांड्यांच्या पदराची किंमत मात्र मोजू नये.

ही खूण माहीत नसलेल्या गिऱ्हाइकासमोर दुकानात दोन साड्या उलगडल्या, तर दुरून त्या सारख्याच वाटतात. एक कित्येक आठवडे मागावर होती, दुसरी यंत्रमागावर थोड्या वेळात उतरली. दुसरीची किंमत पहिलीच्या काही अंशाने. ‘सेमी पैठणी’ या नावाने अशा साड्या सर्रास विकल्या जातात. सेमी म्हणून विकली तर त्यात फसवणूक नाही आणि ज्याची ऐपत तेवढीच आहे, त्याने ती जरूर नेसावी. घोळ होतो तो ‘सेमी’ हा शब्द गळतो तेव्हा. मग घासाघीस यंत्रमागाच्या भावापासून सुरू होते आणि हातमागवाल्याला त्या भावाशी टक्कर द्यावी लागते. मागणीचा जो कोन संख्येने सर्वांत भक्कम दिसतो, तोच पारख नसल्याने विणकराच्या मुळावर येतो.

आता पूरक धंदे. पैठणीला लागतात रेशीम, जर, रंग, फणी, जॅकार्ड आणि नक्षी काढणारा. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते आणि जर सुरतेहून. येवल्यात होतात ती रंगणी, ताणा सांधणे, कांड्या भरणे आणि माग दुरुस्त करणारे सुतारकाम. रंगाऱ्याचे काम जवळ असणे मोलाचे आहे. विणकराला हवी ती छटा तो समोर उभा राहून काढून घेऊ शकतो आणि लच्छी चुकली तर त्याच दिवशी परत रंगवून मिळते.

एकेकाळी येवल्याचा हा कोन याहून भरलेला होता. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये येवल्याच्या रेशमी विणकामाबरोबर सोन्याचांदीच्या तारेच्या कामाचीही नोंद आहे. 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे गावावरून गेली आणि मुंबईत उतरणारे रेशीम पोचायला सोपे झाले. पीतांबर, सोवळे, फेटे यांचेही विणकाम इथे होते. एकाच रंगाऱ्याला आणि एकाच सावकाराला दोन-तीन धंद्यांचे काम मिळे. पैठणीला मंदी आली तरी सोवळ्याने त्याची चूल पेटती राही. पूरक धंद्यांचा खरा उपयोग हाच असतो. एकाच मालावर जगणारा रंगारी त्या मालाबरोबर बुडतो आणि तो बुडाला की पुढच्या तेजीत विणकराला रंग द्यायला कोणी उरत नाही.

जरीचे काम गावातून गेल्याचा परिणाम दर्जावर होतो. अस्सल जर म्हणजे चांदीची तार चपटी करून धाग्यावर गुंडाळायची आणि तिला सोन्याचे पाणी द्यायचे. ‘टेस्टेड’ जरीत आत तांबे असते, त्यावर चांदीचा थर. त्याखालची जर प्लास्टिकच्या पट्टीची, चमकीला जास्त आणि भावाला फार स्वस्त. पूर्वी तारकशी करणारा शेजारच्या आळीत असे, त्यामुळे खोट लपत नसे. आता रीळ दुसऱ्या राज्यातून येते आणि विणकराला लेबलावर विसंबावे लागते. नीट तपासायचे तर प्रयोगशाळा लागते. एका मागाच्या मालकाला ते कसे परवडावे?

रेशमाच्या भावाचेही तसेच. करोनानंतरच्या काळात कच्च्या रेशमाचे दर झपाट्याने चढले, तेव्हा कर्नाटकातल्या बाजाराचा झटका थेट येवल्याच्या मागाला बसला. सुताच्या अनुदानाच्या सरकारी योजना आहेत, पण ज्या विणकराला मालकच रेशीम देतो, त्याच्यापर्यंत अनुदान पोचते ते मालकाच्या हिशोबातून. एक बरी गोष्ट घडते आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली असून जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आहे. पूर्वी इथल्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरापर्यंत जावे लागे. पण कोष इथे पिकला म्हणजे येवल्याला धागा मिळाला, असे होत नाही. ताण्याला चालेल असा एकसारखा, पीळदार धागा काढणारे कारखाने पुरेसे हवेत. महाराष्ट्राच्या पैठणीच्या साखळीतली सर्वांत मोठी गळती मला तरी इथेच दिसते.

याउलट एक पूरक धंदा येवल्याला आयता मिळाला, तो म्हणजे रस्ता. नाशिक-छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड-अहिल्यानगर हे दोन मार्ग इथे एकमेकांना छेदतात आणि शिर्डी तीसेक किलोमीटरवर आहे. साईबाबांच्या दर्शनाला निघालेले कुटुंब वाटेत पैठणी बघायला थांबते. मागच्या खोलीत माग चालताना बघते आणि पुढच्या खोलीत साडी घेते. पैठणच्या वाटेवर जायकवाडी आहे, नाथांची समाधी आहे, पण ही रोजची वर्दळ तिथे नाही. दोन गावांच्या नशिबातला फरक शोधताना मी कारागिरीइतकेच वजन या चौफुलीला देईन.

उरला शेवटचा कोन, स्थानिक चढाओढ. येवल्याच्या इतिहासात तिच्यावर एक खटलाच झालेला आहे. गॅझेटियर सांगते की गाव वसताना गुजराती व्यापाऱ्यांना रेशमी कामाचा मक्ता दिला गेला होता. बाहेरच्या माणसाला माग टाकायचा तर त्या मंडळींना पैसे भरावे लागत. पेशवाईतही हा हक्क चालू राहिला. 1864 साली न्यायालयाच्या निकालाने तो संपला आणि नव्या विणकरांचा लोंढा या धंद्यात आला. मक्ता असता तर पैठणी मूठभर घरांपुरती राहिली असती. ज्या येवल्याला आज आपण ओळखतो, त्याचा पाया स्पर्धा खुली झाल्यावर पडला.

चढाओढ असली की झाले, असेही नाही. ती कशावर चालते, हे पाहिले पाहिजे. सास्सुओलोत एकाने नवी झिलई काढली, की शेजारी त्याहून चांगली काढायला धावे. येवल्यात एकाने नवा पदर काढला, तर काही दिवसांत तोच पदर शेजारच्या मागावर किंवा थेट परगावच्या यंत्रमागावर उतरतो, तोही कमी भावात. मग नक्षीवर महिना घालवणाऱ्याला तो महिना परत मिळत नाही आणि पुढच्या वेळी तो बांगडी मोरच विणतो, कारण तो हमखास खपतो.

भावावरच्या चढाओढीचे ओझे कुणावर पडते, ते एका हिशोबाने पाहू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, पण मांडणी खरी आहे. समजा, साध्या काठाची एक पैठणी 12,000 रुपयांना विकली. रेशीम, जर आणि रंग यांचे 4,500 गेले. दुकानदाराचा खर्च आणि नफा 2,500. उरले 5,000. त्यात विणकर आणि कांड्या भरणाऱ्या घरच्या माणसांचे 20 दिवस आहेत, म्हणजे दिवसाला 250 रुपये, तेही दोन माणसांत. आता शेजारच्या दुकानाने तशीच साडी 11,000 ला लावली. यालाही भाव उतरवावा लागला. रेशीम आणि जर बाहेरून येतात, त्यांचा भाव कमी होत नाही. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिलही उतरत नाही. हजार रुपये सुटतात ते मजुरीतून. साडी आठ टक्क्यांनी स्वस्त झाली आणि मजुरी 20 टक्क्यांनी घसरली. दिवसाला उरले 200 रुपये.

कारण सरळ आहे. ज्या क्लस्टरचा कच्चा माल बाहेरून येतो, तिथे गावाच्या हातात असलेला एकच खर्च म्हणजे माणसाचा वेळ. पूरक धंद्यांचा कोन अधू असला, की चढाओढीचा कोन मजुरीवर घसरतो. आणि गिऱ्हाइकाला पारख नसली, की भाव सोडून दुसऱ्या कशावर चढाओढ करण्याचे कारणच विणकराला उरत नाही. वेगवेगळे तीन दोष वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे.

विणकर मजुरीवर विणतो की स्वतःच्या भांडवलावर, यानेही चित्र बदलते. अनेक माग मालक-कारागीर पद्धतीने चालतात. मालक रेशीम आणि नक्षी देतो, विणकराला नगावर मजुरी मिळते. यात विणकराला भांडवल अडकवावे लागत नाही, मंदीत माल अंगावर पडत नाही. पण तेजी आली तरी त्याची मजुरी तेवढीच. येवल्यात काही कुटुंबे आता घरातूनच थेट विकतात आणि त्यांच्याकडे गिऱ्हाइकाचे शब्द मधल्या माणसाशिवाय पोचतात. कोणता रंग मागितला, कोणता नाकारला, हे त्यांना त्याच दिवशी कळते. नव्या नक्षीची भूक अशाच घरांत जास्त असते, असे मला वाटते.

क्लस्टर घसरणीला लागला आहे का, हे विक्रीच्या आकड्यांवरून उशिरा कळते. आधी कळते ते मागावर बसणाऱ्यांच्या वयावरून. विशीतले विणकर किती आहेत, मुलगा मागावर बसतो की दुकानात गल्ल्यावर, मोकळे माग किती दिवस मोकळे राहतात, रंगाऱ्याला महिन्यात किती दिवस काम नसते, आणि कांड्यांचा पदर विणू शकणारे हात वाढतात की जॅकार्डवर सरकतात, हे विचारावे. दुकानांची संख्या वाढत असताना हे हात कमी होत असतील, तर बाजार वाढतो आहे आणि क्लस्टर आटतो आहे. अहवाल लिहिणाऱ्याने पैठणीच्या दुकानांऐवजी माग मोजावेत.

कायद्याने हातमागाला आधार दिला आहे. 1985 च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले आणि त्यात साड्याही आहेत. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क आहेत. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे सगळे गरजेचे आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते. दुकानाच्या काउंटरवर रोज कुणी निरीक्षक उभा नसतो. सिल्क मार्क रेशीम खरे असल्याचे सांगतो, माग कोणता होता ते सांगत नाही. ही दोन चिन्हे वेगवेगळी आहेत, हेच बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नसते.

येवल्याने दोन कामे आधी हाती घ्यावीत, असे माझे मत आहे. गावात जर आणि रेशीम तपासून देणारी एक सामायिक प्रयोगशाळा हवी, जिथे एका मागाचा मालकही परवडेल अशा दरात रीळ तपासून घेईल. आणि नव्या नक्षीची नोंद ठेवणारी विणकरांचीच पंचायत हवी, म्हणजे निदान गावातल्या गावात तरी नक्कल करणाऱ्याला मूळ विणकराला काही द्यावे लागेल. आणखी एका विक्री केंद्रापेक्षा या दोन गोष्टींनी चढाओढ भावाकडून दर्जाकडे वळेल.

तिसरे काम तुमचे आहे. पुढच्या वेळी पैठणी घ्याल तेव्हा पदर उलटा करून पाठ बघा. जर कोणत्या प्रतीची, रेशीम शुद्ध आहे का, माग हाताचा की यंत्राचा आणि पदर कांड्यांनी भरलेला आहे का, हे दुकानदाराला विचारा आणि ते बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला तो कचरला, तर हातमागाचा भाव देऊ नका.